दहा रुपये युनिट कोणत्या कायद्याने?



आपल्या मंडळाच्या पत्रकात भाषेवर लिहिले जाते, शाळांवर लिहिले जाते, सीमेच्या इतिहासावर तर दर दुसऱ्या अंकात लिहिले जाते. मात्र आदिलाबाद शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या आपल्या माणसाच्या खिशातून दर महिन्याला जे जाते, त्यावर कोणी लिहीत नाही. कारण उघड आहे. घरमालकही आपलाच आणि भाडेकरूही आपलाच. बेला, जैनथ, तामसीकडून मुलांच्या शिक्षणासाठी शहरात आलेले कुटुंब ओळखीच्या मराठी घरातच खोली बघते. मग करंट बिलाचा विषय निघाला की "आपसात कशाला हिशेब" म्हणून गप्प बसवले जाते. मी बँकेत कारकून आहे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. आपसात हिशेब नको म्हणणाऱ्याचा हिशेब नेहमी त्याच्याच बाजूने जमा असतो, हे मला नोकरीत रोज दिसते.

शहरात सर्रास चालणारी पद्धत अशी आहे. घराला वीज कंपनीचा एकच मीटर. भाडेकरूंच्या खोल्यांना घरमालकाने बाजारातून आणून लावलेले सब-मीटर. महिन्याच्या एक तारखेला घरमालक रीडिंग घेतो, युनिटला दहा रुपयांनी गुणतो आणि वर पाण्याचे दोनशे लावतो. मूळ बिल कोणी पाहिलेले नसते. कागद नाही, पावती नाही. विचारले तर उत्तर ठरलेले: "सगळीकडे दहाच चालू आहे."

हा दहाचा आकडा आला कुठून? तेलंगणाच्या घरगुती दरपत्रकात दहा रुपयांचा दर आहे, पण तो महिन्याला ८०० युनिटांच्या वर जे युनिट जळते त्याला! आपल्यापैकी किती घरांत ८०० युनिटे जळतात? म्हणजे पंखा, दोन दिवे आणि एक टीव्ही चालवणारा भाडेकरू बंगल्याच्या सर्वांत महाग युनिटाच्या दराने पैसे मोजतो आहे. शिवाय २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे परवान्याशिवाय विजेचे वितरण किंवा व्यापार करता येत नाही. घरमालकाने बिलाची वाटणी करून घेणे वेगळे आणि त्यावर नफा काढणे वेगळे. पहिली गोष्ट वसुली झाली, दुसरी धंदा.

आता दरांची रचना समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. २०२२-२३ च्या दरपत्रकाने आलेले टप्पे असे आहेत. महिन्याचा वापर १०० युनिटांच्या आत राहिला तर पहिल्या ५० ला १ रुपया ९५ पैसे आणि पुढच्या ५० ला ३ रुपये १० पैसे. वापर १०१ ते २०० मध्ये गेला की पहिल्या १०० ला ३ रुपये ४० पैसे, पुढच्या १०० ला ४ रुपये ८० पैसे. आणि २०० ओलांडले की पहिल्या सगळ्या २०० युनिटांना ५ रुपये १० पैसे, त्यापुढच्या १०० ला ७ रुपये ७० पैसे, त्यापुढच्या १०० ला ९ रुपये. पुढे दरपत्रक बदलले तर आकडे आपल्या बिलावरून घ्यावेत, पद्धत तीच राहील.

इथे लक्ष द्या. २०० ओलांडल्यावर फक्त वरचे युनिट महाग होत नाही, खालची दोनशेही महाग होतात. २०० युनिटांचा वीज आकार होतो ८२० रुपये. २०१ युनिटांचा होतो १,०२७ रुपये ७० पैसे. ते एक युनिट २०७ रुपये ७० पैशांना पडले! पैनगंगेपलीकडे पांढरकवड्याला राहणारे आपले पाहुणे सल्ला देतात की काही बिघडत नाही, टप्प्याच्या वरचे तेवढेच महाग पडते. त्यांच्याकडे ते खरे आहे. महाराष्ट्रात खालच्या टप्प्याचा दर वर गेल्यावरही टिकतो. आपल्याकडे टिकत नाही. म्हणून एका मीटरवर तीन चुली जोडल्या की आपल्याकडे नुकसान मोठे.

एक घर उदाहरणाला घेऊ. खाली घरमालक, कुटुंबात चार माणसे. वर दोन बिऱ्हाडे, पहिल्यात चार माणसे, दुसऱ्यात दोन. मुख्य मीटर एकच, मंजूर भार तीन किलोवॅट. महिन्याचे मुख्य मीटरचे युनिट ३८०. सब-मीटरप्रमाणे घरमालक १५०, पहिले बिऱ्हाड ११०, दुसरे ८०, बोअरची मोटर आणि जिन्याचा दिवा मिळून ३०. बेरीज ३७०. मुख्य मीटरशी फरक १० युनिटांचा.

बिल असे येईल. पहिल्या २०० चे १,०२०, पुढच्या १०० चे ७७०, उरलेल्या ८० चे ७२०, मिळून वीज आकार २,५१० रुपये. त्यावर युनिटाला सहा पैसे विद्युत शुल्क, २२ रुपये ८० पैसे. हे दोन्ही वापराप्रमाणे वाढणारे, म्हणून एकत्र धरा: २,५३२ रुपये ८० पैसे. याशिवाय स्थिर आकार ३० आणि ग्राहक आकार १२०, हे १५० रुपये. एकूण बिल २,६८२ रुपये ८० पैसे.

दहाच्या पद्धतीने काय होते ते पहा. पहिल्या बिऱ्हाडाकडून १,१००, दुसऱ्याकडून ८००, असे १,९०० रुपये घरमालकाच्या हातात आले. त्याने स्वतः १५० युनिटे जाळली, मोटरही चालवली आणि खिशातून भरले फक्त ७८२ रुपये ८० पैसे. पाण्याचे दोन्हीकडून दोनशे दोनशे घेतले असतील तर तेही वजा करा, राहिले ३८२ रुपये ८० पैसे. यालाच आपण "आपसातला" हिशेब म्हणतो.

आता योग्य वाटणी. वापराची रक्कम २,५३२.८० भागिले मुख्य मीटरचे ३८० युनिट, म्हणजे युनिटाला ६ रुपये ६६ पैशांहून थोडे जास्त. पैशांची काटछाट शेवटी करावी, आधी केली की बेरीज चुकते. या सरासरी दराने पहिल्या बिऱ्हाडाचे ७३३.१८, दुसऱ्याचे ५३३.२२, घरमालकाचे ९९९.७९. उरली मोटर, जिना आणि फरकाची दहा युनिटे, एकूण ४० युनिटे, त्यांचे २६६.६१. मोटर पाण्यासाठी चालते आणि पाणी माणसांना लागते, म्हणून ही रक्कम दहा माणसांत वाटा. माणशी साधारण २६ रुपये ६६ पैसे. १५० रुपयांचा स्थिर भाग तीन चुलींत सारखा, प्रत्येकी ५०. पहिल्या बिऱ्हाडाचे एकूण झाले ८८९.८२, दुसऱ्याचे ६३६.५४, घरमालकाचे १,१५६.४४. तिन्हींची बेरीज करा, बिलाशी पैशाला पैसा जुळते. जी वाटणी मूळ बिलाशी जुळत नाही ती वाटणीच नव्हे.

काही घरमालक यावर एक हुशारी काढतात. म्हणतात, "पहिली दीडशे युनिटे माझी, स्वस्त टप्प्यातली. तुम्ही वरून आलात, महाग टप्पा तुमचा." अहो, मीटरात युनिटे रांगेत उभी राहून येत नाहीत. तिन्ही घरांचे दिवे एकाच वेळी जळतात. पहिले युनिट कोणाचे हे कोणीच सांगू शकत नाही, म्हणूनच सरासरी.

पण सरासरीही धाकट्या ग्राहकावर अन्याय करते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. दुसऱ्या बिऱ्हाडाचे ८० युनिट स्वतंत्र मीटरवर असते तर वीज आकार फक्त १९० रुपये ५० पैसे झाला असता. इथे तो पाचशेच्या पुढे गेला. पहिल्याचा ३८८ झाला असता. घरमालकाचा मोटर व फरकासह १९० युनिटांचा ७७२. तिघांची बेरीज १,३५०.५०, आणि एका मीटरवर तीच बेरीज २,५१०. ग्राहक आकार तीन ठिकाणी भरावा लागेल, तो धरूनही महिन्याला हजाराच्या आसपास वाचतात. हे हजार रुपये घरमालकाच्या खिशात जात नाहीत, भाडेकरूच्याही नाही. ते निव्वळ आळसापायी जातात.

स्वतंत्र मीटर मिळत नाही, अशी एक समजूत पसरवली गेली आहे. ती चूक आहे. वीजपुरवठ्याच्या सर्वसाधारण अटी २००६ साली आंध्र प्रदेश आयोगाने केल्या आणि तेलंगणानेही त्याच पुढे चालवल्या. त्यांत घरगुती जोडणीसाठी वेगळे कुटुंब कोणते याची खूण दिली आहे: वेगळे स्वयंपाकघर. ज्या बिऱ्हाडाची चूल वेगळी त्याला जोडणी वेगळी. उलट एकाच चुलीच्या घरात स्वस्त टप्प्यासाठी दोन मीटर घेतले तर कंपनी ते एकत्र धरू शकते. अर्जाला मात्र घरमालकाची संमती मागितली जाते, आणि घोडे तिथेच पेंड खाते.

त्यात गृहज्योतीची भर पडली. फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी सुरू झालेल्या या योजनेत रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला महिन्याला २०० युनिटांपर्यंत झिरो बिल येते. भाडेकरूही पात्र आहे, त्याचे रेशनकार्ड आणि आधार त्या मीटरच्या सर्व्हिस नंबरशी जोडले पाहिजे. वरच्या उदाहरणात तिन्ही कुटुंबे २०० च्या आत आहेत. स्वतंत्र मीटर असते आणि कार्डे असती तर तिघांनाही झिरो बिल. एकत्र मीटरवर ३८० झाले, म्हणून एकालाही नाही.

याहून वाईट प्रकार दुसरा आहे. लहान घर, एक मालक, एक भाडेकरू, एकत्र वापर १९० युनिट. मालकाच्या कार्डावर झिरो बिल येते. तरी भाडेकरूच्या ६० युनिटांचे दहाप्रमाणे सहाशे रुपये घेतले जातात! सरकारने माफ केलेल्या बिलाची वसुली! असे करणारा कोणी परका नाही. तो आपल्या गणपतीला पुढच्या रांगेत बसतो. भाडेकरूने एवढेच करावे: मीटर रीडर जी चिठ्ठी देतो ती दर महिन्याला पाहायला मागावी. चिठ्ठीवरचे तेलुगू वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाला वाचायला लावावे, आपली पोरे आपल्यापेक्षा चांगले तेलुगू वाचतात.

स्वतंत्र मीटर येईपर्यंत सब-मीटरवर दिवस काढावे लागतील, तर तो मीटर तरी खरा आहे का ते पहा. तीन ठिकाणी घोळ होतो. पहिला दशांशाचा. बहुतेक मीटरांत शेवटचा आकडा, कधी लाल चौकटीतला तर कधी टिंबापुढचा, युनिटाचा दहावा भाग असतो. तो पूर्ण युनिट म्हणून वाचला की बिल दहापट होते. एकदम हजार युनिटे दिसली की आधी इथे पहा.

दुसरा घोळ वायरिंगचा. आपल्या खोलीतले सगळे स्विच बंद करा, फ्रिजचा प्लगही काढा. तरी सब-मीटरचा लाल दिवा लुकलुकत राहिला तर दुसऱ्या कोणाचे काहीतरी तुमच्या मीटरवर जोडलेले आहे. बहुधा जिन्याचा दिवा, कधी चक्क मोटर. उलट परीक्षाही करा: तुमचा मेन स्विच पाडल्यावर खालचे काही बंद पडते का? आणखी एक गोष्ट इलेक्ट्रिशियनला विचारा. प्रत्येक बिऱ्हाडाची न्यूट्रल तार आपापल्या सब-मीटरमधून वेगळी गेली आहे की सगळ्यांची एकत्र गुंडाळली आहे? एकत्र असेल तर काही इलेक्ट्रॉनिक मीटर दुसऱ्याचा करंटही आपल्या खात्यात मोजतात.

तिसरा घोळ मीटरच्याच अचूकपणाचा. त्यासाठी प्रयोगशाळा नको. एका रविवारी दोन तास घरातले बाकी सगळे बंद ठेवा आणि फक्त एका बिऱ्हाडाचा गीझर किंवा पाण्याचा रॉड चालवा. आदिलाबादच्या डिसेंबरात तो चालतोच. आधी आणि नंतर मुख्य व सब दोन्ही मीटर वाचा. दोन्ही सारखेच पुढे सरकले पाहिजेत. महिन्याच्या बेरजेत मुख्य मीटर आणि सगळ्या सब-मीटरांत शेकडा दोन-तीन फरक चालतो, आपल्या उदाहरणात तेवढाच आहे. फरक शेकडा दहाला गेला तर कुठेतरी न मोजलेला वापर आहे, तो शोधावा. घरमालकाच्या स्वतःच्या भागाला सब-मीटर नसेल तर हा फरक कधीच सापडत नाही, म्हणून "माझे म्हणजे उरलेले" हे उत्तर मान्य करू नका. आणि भाडेकरूंनाही सांगतो, कूलरची वायर जिन्याच्या बोर्डात खोचणारे आपल्यात कमी नाहीत. तेही याच तपासणीत सापडतील.

पाण्याकडे वळू. इथे दुहेरी वसुली होते. एक एचपीची मोटर तासाला साधारण एक युनिट घेते. रोज तासभर चालली तर महिन्याची तीस युनिटे, आणि ती वर माणशी वाटून झाली. त्यानंतर "पाण्याचे दोनशे" कशाचे? ज्या घरात नगरपालिकेच्या नळाची ठराविक रक्कम भरावी लागते तिथे ती पावती दाखवून माणशी वाटावी. उन्हाळ्यात बोअर आटून टँकर आणला तर त्याचीही पावती, तीच माणशी वाटणी. पाण्याचा मीटर बसवायचा असेल तर जरूर बसवा, पण गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दाब कमी असतो, त्यामुळे बारीक धार मीटर नीट मोजत नाही. पाइप रिकामा होऊन भरतो तेव्हा हवेनेही काटा फिरतो. वीस लिटरच्या कॅनने पाच वेळा भरून पहा, मीटर शंभर लिटर दाखवतो का. नसेल दाखवत तर दोन-चार माणसांच्या घरात माणशी वाटणीच सरळ. पाहुणे पंधरा दिवसांहून जास्त राहिले तर ते एक माणूस धरावे, एवढे ठरवले की भांडण मिटते.

आता लिहून काय ठेवायचे. भाडेकराराच्या मागे किंवा साध्या कागदावर, दोघांच्या सहीने, मराठीत, एवढा मजकूर पुरे:

"मुख्य मीटर आणि सर्व सब-मीटर यांचे रीडिंग कंपनीचा मीटर रीडर येईल त्याच दिवशी घेतले जाईल व दोघे वहीत सही करतील. कंपनीच्या बिलाची प्रत भाडेकरूस दिली जाईल. वीज आकार व विद्युत शुल्क यांच्या बेरजेला मुख्य मीटरच्या युनिटांनी भागून येणारा दर घरमालकासह सर्वांना लागेल. मोटर, जिना व मीटरमधील फरक यांचा खर्च माणशी, स्थिर व ग्राहक आकार बिऱ्हाडाप्रमाणे सारखा. बिल शून्य आले तर कोणाकडून काहीही घेतले जाणार नाही. उशिराचा दंड ज्याच्यामुळे उशीर झाला त्याचा. मागील थकबाकी या वाटणीत धरली जाणार नाही."

रीडिंगच्या तारखेचे वाक्य क्षुल्लक वाटेल, पण निम्मी भांडणे तिथलीच. मालक एक तारखेला सब-मीटर वाचतो, कंपनी बारा तारखेला मुख्य मीटर वाचते, मग बेरीज जुळणार कशी? मे महिन्यात अकरा दिवसांच्या कूलरने वीस-तीस युनिटे इकडची तिकडे होतात. मीटर रीडरच्या वेळी घरी कोणी नसेल तर त्याच संध्याकाळी मोबाइलवर सगळ्या मीटरांचे फोटो काढावेत, तारखेसह.

"एवढा कागद केला तर विश्वास राहिला कुठे?" असे मंडळातले काही ज्येष्ठ विचारतील. त्यांची स्वतःची दोन-दोन घरे भाड्याने आहेत. त्यांना माझा उलट प्रश्न आहे. बँकेत ठेव ठेवताना आपण पासबुक मागता, तेव्हा बँकेवर अविश्वास दाखवता काय? मंडळाने हा मजकूर छापून आपल्या प्रत्येक घरमालक सभासदाच्या हातात द्यावा आणि कार्यकारिणीने पहिली सही करावी, अशी माझी जाहीर मागणी आहे. ज्या भाडेकरूच्या खाली दुकान आहे त्यानेही जागे व्हावे. घरगुती मीटरवर दुकान चालवल्यास कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि ती नोटीस आली की मालक भाडेकरूकडे बोट दाखवतो.

शेवटी घर सोडतानाचे. बिल यायच्या आधी भाडेकरू जातो आणि डिपॉझिटमधून "अंदाजे" हजार-दीड हजार कापले जातात. त्याऐवजी जायच्या दिवशी सब-मीटरचे रीडिंग दोघांनी वहीत लिहावे, मागच्या बिलाच्या सरासरी दराने तेवढ्या युनिटांचे पैसे धरावेत, मोटरचा वाटा राहिलेल्या दिवसांप्रमाणे जोडावा आणि बाकी डिपॉझिट त्याच दिवशी हातात द्यावे. पुढच्या बिलात दहा-वीस रुपयांचा फरक निघाला तर तो फोनवर सांगून पाठवता येतो.